वेदांत की वेदान्त? शीर्षकासाठी एका शब्दाचे कोणते लेखन निवडावे

मराठीत अनेक शब्द दोन प्रकारे लिहिता येतात: अक्षरावर टिंब देऊन किंवा त्या टिंबाच्या जागी ङ्, ञ्, ण्, न्, म् यांपैकी योग्य ते अनुनासिक पुढच्या व्यंजनाला जोडून. पहिल्याला अनुस्वार किंवा शीर्षबिंदू म्हणतात आणि दुसऱ्याला परसवर्ण. 'आनंद' आणि 'आनन्द', 'पंडित' आणि 'पण्डित', 'अंबुज' आणि 'अम्बुज' या अशाच जोड्या आहेत. मजकुरात यांपैकी कोणतेही रूप आले तरी वाचकाचे फारसे अडत नाही. शीर्षकाचे तसे नसते, कारण शीर्षक एकच असते, त्यावरून पानाचा पत्ता ठरतो, सूचीतील जागा ठरते आणि दुसरा लेखक त्याच विषयावर नवे पान काढील की जुन्या पानावर पोचेल हेही ठरते. ज्ञानकोश, सूची किंवा विषयवार पाने असलेल्या कोणत्याही संकलनात नव्याने लिहू लागलेल्यांना हा निर्णय पायरीपायरीने कसा घ्यावा हे कळावे म्हणून येथे एकच शब्द शेवटपर्यंत हाताळला आहे. उपनिषदांवर आधारलेल्या दर्शनाचे नाव असलेला तो शब्द कोणी 'वेदांत' असा लिहितात, तर कोणी 'वेदान्त' असा.

पहिली पायरी: प्रचलित रूपे गोळा करणे

निर्णयाआधी कागदावर सगळी रूपे लिहून काढावीत. आपल्या शब्दाची खरी रूपे दोनच आहेत, 'वेदांत' आणि 'वेदान्त'. त्यांच्याभोवती काही अशुद्ध रूपेही फिरत असतात. 'वेदाँत' हे चंद्रबिंदू असलेले रूप बहुधा टंकताना चुकीची कळ दाबली गेल्याने किंवा हिंदीच्या सवयीने येते, तर 'वेदाम्त' हे रोमन अक्षरांतून टंकताना टिंबासाठीचे चिन्ह चुकल्यामुळे येते. अशुद्ध रूपे शीर्षकात कधीच जात नाहीत, पण ती माहीत असावीत, कारण त्या रूपाने आधीच कोणी पान तयार करून ठेवलेले असू शकते.

नवे पान काढण्याआधी शोध प्रत्येक रूपाने वेगळा घ्यावा. काही शोधयंत्रे टिंब आणि परसवर्ण एकच मानून दोन्ही निकाल देतात, काही तसे करत नाहीत, आणि आपल्यासमोर असलेले यंत्र कोणत्या जातीचे आहे हे बहुतेक वेळा बाहेरून कळत नाही. 'वेदांत' लिहून शोधले आणि काही सापडले नाही, एवढ्यावरून पान नाही असे धरून चालू नये.

परसवर्णी रूपे नकळत कशी तयार होतात हेही येथेच सांगितले पाहिजे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर टिंब आणि 'न्' यांच्या कळा वेगळ्या आहेत. तेथे 'वेदांत' साठी `b s o e x l` आणि 'वेदान्त' साठी `b s o e v d l` अशा कळा दाबाव्या लागतात, म्हणून लेखकाला निवड जाणीवपूर्वक करावी लागते. रोमन अक्षरांतून टंकणाऱ्या साधनांत मात्र `n` नंतर `t` आले की 'न्त' आपोआप उमटतो आणि टिंबासाठी वेगळे चिन्ह लक्षात ठेवून द्यावे लागते. ते चिन्ह माहीत नसलेला नवा लेखक 'संप' लिहायला जातो आणि 'सम्प' लिहून बसतो, 'खंत' ची 'खन्त' होते. एखाद्या शीर्षकात परसवर्ण दिसला म्हणजे लेखकाने तो विचारपूर्वक निवडला, असा अर्थ त्यामुळे लगेच काढता येत नाही.

दुसरी पायरी: शब्द तत्सम आहे का ते पाहणे

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि १९६२ साली शासनमान्य झालेले शुद्धलेखनाचे नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडून त्यांची संख्या १८ झाली, पण अनुस्वाराचा नियम पहिल्यापासून पहिल्याच क्रमांकावर आहे. त्याचा आशय असा की, स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू द्यावा, तत्सम म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत विकल्पाने परसवर्ण लिहायला हरकत नाही, आणि जे शब्द संस्कृत नाहीत ते मात्र शीर्षबिंदू देऊनच लिहावेत.

या तीन वाक्यांतून शीर्षकाचे निम्म्याहून अधिक प्रश्न सुटतात. 'दंगा', 'तंटा', 'चिंच', 'खंत', 'संप' हे शब्द तत्सम नाहीत, म्हणून त्यांना दुसरे शुद्ध रूपच नाही. 'लंडन' किंवा 'इंग्लंड' यांसारखी परकी नावेही टिंबानेच लिहायची. 'दङ्गा' किंवा 'लण्डन' असे शीर्षक कुठे दिसले तर तो पर्याय नसून चूक आहे, आणि ती दुरुस्त करताना चर्चा करत बसण्याचे कारण नाही.

आपला शब्द मात्र 'वेद' आणि 'अन्त' या दोन संस्कृत शब्दांचा समास आहे. शब्दाचे मूळ ओळखता येत नसेल तर शब्दकोशात नोंदीपुढे दिलेली 'सं.' ही खूण पाहावी. ती असली, आणि शब्द त्याच रूपात संस्कृतात असला, तर तो तत्सम. 'वेदान्त' ही अट पूर्ण करतो, म्हणजे त्याची दोन्ही रूपे शुद्ध ठरतात. शीर्षकाचा खरा प्रश्न अशा शब्दांपुरताच उरतो.

तिसरी पायरी: परसवर्णी रूप बरोबर बनले आहे का ते तपासणे

परसवर्ण म्हणजे पुढच्या व्यंजनाच्या वर्गातले अनुनासिक. पुढे क-वर्गातले व्यंजन असेल तर ङ्, च-वर्गातले असेल तर ञ्, ट-वर्गातले असेल तर ण्, त-वर्गातले असेल तर न् आणि प-वर्गातले असेल तर म्. 'वेदान्त' मध्ये पुढे 'त' आहे, म्हणून 'न्' योग्य. 'पंडित' मध्ये पुढे 'ड' असल्यामुळे 'पण्डित' बरोबर आणि 'पन्डित' चूक. 'संकट' चे परसवर्णी रूप 'सङ्कट' होते, 'सन्कट' नव्हे, आणि 'चंचल' चे 'चञ्चल' होते, 'चन्चल' नव्हे. प्रत्यक्षात चुकीच्या रूपांत सर्वाधिक भरणा 'न्' चा असतो, कारण ङ् आणि ञ् कळफलकावर शोधावे लागतात आणि 'न्' हाताशी असतो.

एका शब्दात दोन अनुनासिके असतील तर दोन्ही ठिकाणी एकच पद्धत ठेवावी. 'संबंध' किंवा 'सम्बन्ध' चालेल, 'सम्बंध' हे अर्धवट रूप शीर्षकात नको. आणि पुढे य, र, ल, व, श, ष, स, ह यांपैकी काही असेल तर प्रश्नच उद्भवत नाही. 'संयम', 'संवाद', 'संशय', 'सिंह' यांना नियमाप्रमाणे टिंबच द्यायचे, 'संय्यम' किंवा 'सिंव्ह' असे लिहायचे नाही.

उलट दिशेची चूक याहून त्रासदायक असते. 'जन्म', 'अन्य', 'पुण्य', 'तन्मय', 'अन्न', 'वाङ्मय' या शब्दांतील न्, ण्, ङ् ही मूळ व्यंजने आहेत, त्यांच्या जागी टिंब देता येत नाही. सगळी शीर्षके अनुस्वारी करायची म्हणून कोणी सरसकट 'न्' शोधून तेथे टिंब टाकू लागले तर 'जंम' आणि 'अंय' अशी रूपे तयार होतात. बदल शब्दागणिक, डोळ्यांनी पाहूनच करावा.

चौथी पायरी: टिंबाचे रूप दुसऱ्याच शब्दाशी जुळते का

आपल्या शब्दाचे खरे वैशिष्ट्य या पायरीवर दिसते, म्हणून येथे थोडे सावकाश जाऊ.

मराठीत सप्तमीच्या अनेकवचनी रूपात टिंब असते. 'लोकांत', 'शब्दांत', 'घरांत' ही रूपे अनेक लोक, अनेक शब्द, अनेक घरे दाखवतात, तर 'लोकात', 'शब्दात', 'घरात' ही एकवचनी आहेत. आता 'वेद' हे नाम घ्या. 'चारही वेदांत अग्नीचा उल्लेख येतो' हे वाक्य शुद्ध मराठी आहे, आणि त्यातला 'वेदांत' म्हणजे 'वेदांमध्ये'. दर्शनाचे नावही टिंबानेच लिहिले तर दोन अगदी वेगळे शब्द अक्षराअक्षराने सारखे होतात. शुद्धलेखनाच्या नियमांत अर्थभेद दाखवण्यासाठी परसवर्ण वापरण्याची सोय आहे ती अशाच जागी कामी येते. 'देहांत' म्हणजे देहांमध्ये आणि 'देहान्त' म्हणजे मृत्यू ही त्याच प्रकारची दुसरी जोडी व्याकरणाच्या पुस्तकांत हमखास भेटते.

ही दोन रूपे बोलताना सारखी ऐकू येतात असेही नाही. 'वेदान्त' मधला 'न्' स्पष्ट उच्चारला जातो. 'चारही वेदांत' म्हणताना मात्र आजच्या बोलण्यात ते टिंब जवळजवळ ऐकू येत नाही, ते केवळ अनेकवचनाची खूण म्हणून लिहिले जाते. शब्द मोठ्याने म्हणून पाहणे ही म्हणून चांगली चाचणी आहे. अनुनासिक कानाला स्वच्छ ऐकू आले आणि तरी लिहिलेले रूप एखाद्या नामाच्या सप्तमीसारखे दिसत असेल, तर घोटाळ्याची शक्यता धरावी.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो: संदर्भावरून अर्थ कळतो, मग परसवर्णाची गरज काय? मजकुरापुरता हा आक्षेप बराचसा खरा आहे. 'शंकराचार्यांनी वेदांताचा प्रसार केला' या वाक्यात 'वेदांताचा' या रूपाचा दुसरा अर्थ लागूच शकत नाही, कारण सप्तमीच्या प्रत्ययावर पुन्हा षष्ठीचा प्रत्यय लागत नाही. 'वेदांती', 'वेदांतात', 'वेदांताने' या रूपांचेही तसेच आहे. घोटाळा होतो तो फक्त शब्दाच्या मूळ, प्रत्यय न लागलेल्या रूपात, आणि शीर्षकात शब्द बहुतेक वेळा नेमका त्याच रूपात येतो. तेथे पुढेमागे वाक्य नसते, क्रियापद नसते, आधाराला काहीच नसते. 'वेदांत स्त्री' किंवा 'वेदांत कर्मविचार' असे शीर्षक दिसले तर पहिल्याचा अर्थ 'वेदांमधील स्त्री' असा घ्यायचा की दर्शनातील स्त्रीविषयक विचार असा, हे वाचकाने कशावरून ठरवायचे? म्हणून मजकुरात जे रूप चालवून घेता येते ते शीर्षकात चालवून घेऊ नये, असे माझे मत आहे. दर्शनाच्या पानाचे शीर्षक 'वेदान्त' हेच असावे.

ही चाचणी इतर शब्दांना लावण्याची रीत सोपी आहे. शब्दाच्या शेवटचे 'ांत' बाजूला काढावे आणि उरलेला भाग मराठीत स्वतंत्र नाम म्हणून चालतो का ते पाहावे. 'वर्षांत' मधून 'वर्ष' उरते, ते नाम आहे, आणि 'गेल्या काही वर्षांत' हे आपण रोज लिहितो. म्हणून वर्षाच्या अखेरीविषयी शीर्षक असेल तर ते 'वर्षान्त' असेच हवे. 'युगान्त', 'प्राणान्त', 'शालान्त' हे शब्दही याच गटातले. याउलट 'प्रांत' मधून 'प्र' उरतो, 'दृष्टांत' मधून 'दृष्ट' उरते आणि त्यांची सप्तमी कोणी वापरत नाही, म्हणून तेथे टिंब पुरेसे आहे. 'ग्रंथ', 'आनंद', 'पंडित' अशा शब्दांच्या शेवटी 'ांत' नाहीच, तेव्हा ही चाचणी त्यांना लागतच नाही.

मधल्या पट्ट्यात काही शब्द राहतात. 'वृत्तांत' मधून 'वृत्त' उरते आणि छंदशास्त्रावर लिहिताना 'अक्षरगणवृत्तांत गणांचा क्रम ठरलेला असतो' असे वाक्य खरोखर येते. पण छंदशास्त्राबाहेर 'वृत्तांत' म्हटले की हकिगत हाच अर्थ मनात येतो. 'सिद्धांत' म्हणजे 'सिद्धांमध्ये' असा अर्थ व्याकरणाने शक्य आहे, पण तसा तो वाचणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. अशा ठिकाणी केवळ शक्यता पाहू नये, एखाद्या वाचकाची खरोखर फसगत होईल का ते पाहावे, आणि होणार नसेल तर टिंबाचे रूपच शीर्षकात ठेवावे. परसवर्ण अधिक शुद्ध किंवा अधिक भारदस्त दिसतो म्हणून तो सगळीकडे लावत सुटणे हे शीर्षकाच्या कामाचे नाही. शिवाय 'पङ्कज' किंवा 'पञ्चानन' यांसारखी रूपे अनेक टंकांत उभी रचून किंवा पाय मोडून दिसतात आणि सूचीत वाचायला जड जातात. सर्वसाधारण नियम टिंबाचा, आणि 'वेदान्त' सारखे शब्द हा समजून उमजून केलेला अपवाद, हाच क्रम ठेवावा.

पाचवी पायरी: नावे वेगळी काढणे

'वेदांत' हे मुलाचे नाव म्हणूनही चांगलेच प्रचलित आहे. व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावाला वरची चाचणी लागू करू नये. ती व्यक्ती किंवा संस्था स्वतःचे नाव देवनागरीत जसे लिहिते तसेच शीर्षकात ठेवावे, मग ते टिंबाने असो वा परसवर्णाने. पुस्तकाच्या नावाबाबत मुखपृष्ठाच्या आतील पानावर जसे छापले आहे ते प्रमाण धरावे. एका सूचीत दर्शनाचे पान 'वेदान्त' आणि एखाद्या व्यक्तीचे पान 'वेदांत' या नावाने शेजारीशेजारी आले तरी त्यात विसंगती नाही. व्यक्तीच्या शीर्षकात आडनाव असतेच, त्यामुळे गल्लत होत नाही.

सहावी पायरी: अक्षरांच्या आतले संकेतांक पाहणे

पडद्यावर सारखी दिसणारी दोन शीर्षके आतून वेगळी असू शकतात. युनिकोड या अक्षरसंकेत पद्धतीत प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक, म्हणजे संकेतांक, असतो; त्यात 'वेदांत' सहा संकेतांकांनी बनतो आणि 'वेदान्त' सातांनी, कारण टिंबाच्या एका `U+0902` ऐवजी 'न' चा `U+0928` आणि हलन्ताचा `U+094D` असे दोन येतात. एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एकसारखे करणारे युनिकोडचे सामान्यीकरण ही दोन रूपे एक करत नाही आणि करणारही नाही, कारण त्याच्या दृष्टीने हे दोन निरनिराळे शब्द आहेत. 'वेदांत' आणि 'वेदान्त' या नावांची दोन पाने त्यामुळे एकाच संकलनात विनातक्रार राहू शकतात, आणि लेखकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

याहून फसवा प्रकार अदृश्य वर्णांचा आहे. 'न्' आणि 'त' यांच्यामध्ये शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे `U+200D`, शिरला तरी बहुतेक टंकांत शब्द 'वेदान्त' असाच दिसतो, कारण अर्धा न आणि त तसेही शेजारीशेजारीच उमटतात. शून्य रुंदीचा विभाजक `U+200C` शिरला तर 'न' खाली हलन्ताची रेघ दिसते, म्हणून तो निदान डोळ्यांना कळतो. जोडक कळत नाही. जुन्या टंकांतून रूपांतरित केलेल्या किंवा दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात तो सहज येतो. शंका असेल तेव्हा शीर्षक पुढील आज्ञेत चिकटवून पाहावे:

```
python3 -c "print([hex(ord(c)) for c in 'वेदान्त'])"
```

उत्तर असे यायला हवे:

```
['0x935', '0x947', '0x926', '0x93e', '0x928', '0x94d', '0x924']
```

शेवटच्या दोहोंच्या मध्ये `0x200d` दिसला तर तो शीर्षक चोरपावलांनी बिघडवणारा जोडक आहे. शीर्षक चिकटवण्याऐवजी हाताने पुन्हा टंकणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय. मात्र सगळ्या शीर्षकांतून जोडक सरसकट पुसून टाकू नयेत, कारण 'दुसऱ्या', 'कोल्ह्याच्या दऱ्या' अशा शब्दांतील अर्धा र काही साधनांत 'र्' आणि जोडक मिळूनच लिहिला जातो. तेथून तो काढला की आडव्या र चा रफार होऊन 'दुसर्या' सारखे रूप दिसू लागते. अशा शब्दांसाठी `U+0931` हा ऱ वापरणे अधिक सुरक्षित.

संकेतांकांचा परिणाम सूचीच्या क्रमावरही होतो. केवळ संकेतांकांप्रमाणे लावलेल्या सूचीत टिंब सगळ्या व्यंजनांच्या आधी येते. 'वेदांग', 'वेदांत', 'वेदाध्ययन', 'वेदान्त' हा त्या क्रमाचा नमुना पाहिला की लक्षात येते की 'वेदांत' हा 'वेदांग' च्या पाठोपाठ सापडतो आणि 'वेदान्त' मात्र 'वेदाध्ययन' ओलांडून पुढे जातो. चार शब्दांच्या सूचीत ते चालते. शेकडो नोंदींच्या सूचीत वाचक टिंबाच्या जागी शोधून परत फिरतो. म्हणून 'वेदान्त' हे शीर्षक ठरवले तरी सूचीत 'वेदांत' या जागी 'वेदान्त पाहा' अशी नोंद ठेवावी.

सातवी पायरी: शीर्षक ठरवून बाकीची रूपे त्याकडे वळवणे

आता आपल्या शब्दाचा निर्णय असा झाला: दर्शनाच्या पानाचे शीर्षक 'वेदान्त'. 'वेदांत' हे रूप शुद्ध आहे आणि वाचक त्यानेच शोधण्याची शक्यता अधिक, म्हणून त्या नावाचे पुनर्निर्देशन, म्हणजे वाचकाला आपोआप मुख्य पानावर नेणारे पान, असलेच पाहिजे. 'वेदांमध्ये' या अर्थाच्या 'वेदांत' वर स्वतंत्र पान कधीच होणार नाही, म्हणून हे पुनर्निर्देशन निर्धोक आहे. 'वेदाँत' साठी पुनर्निर्देशन ठेवायला हरकत नाही, पण 'वेदाम्त' सारख्या केवळ टंकनचुकीसाठी पाने वाढवू नयेत. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या प्रणालीवरील कोशात 'वेदांत' या पानावर एवढेच लिहायचे असते:

```
#REDIRECT [[वेदान्त]]
```

मुख्य पानाच्या पहिल्याच वाक्यात दोन्ही रूपे द्यावीत: 'वेदान्त, लेखनभेद वेदांत, हे उपनिषदांवर आधारलेले भारतीय दर्शन आहे.' त्यानंतर मजकुरात 'वेदान्ताचा', 'वेदान्ती', 'वेदान्तातील' अशी एकाच पद्धतीची रूपे वापरावीत. अवतरणात मूळ लेखकाने 'वेदांत' लिहिले असेल तर ते बदलू नये. संबंधित शीर्षकांतही तेच रूप जाते, म्हणून 'अद्वैत वेदान्त' आणि 'विशिष्टाद्वैत वेदान्त'. मुख्य पान परसवर्णी आणि उपपाने टिंबाची अशी सरमिसळ राहिली तर पुढच्या लेखकाला नियम कोणता हेच कळत नाही.

पान आधीच 'वेदांत' या नावाने अस्तित्वात असेल, तर त्यातला मजकूर उचलून 'वेदान्त' या नव्या पानावर चिकटवू नये, कारण तसे केल्याने आधीच्या लेखकांच्या संपादनांचा इतिहास जुन्या नावाखाली अडकून पडतो. पान हलवण्याची सोय वापरावी, म्हणजे इतिहास सोबत जातो आणि जुन्या नावाचे पुनर्निर्देशन आपोआप तयार होते. दोन्ही नावांची भरलेली पाने सापडली तर आधी मजकूर एकत्र करावा, कोणत्या पानावरून काय आणले ते संपादनाच्या सारांशात लिहावे, आणि मगच रिकाम्या झालेल्या पानावर पुनर्निर्देशन द्यावे. शेवटी आधीची पुनर्निर्देशने पाहावीत. पूर्वी कोणी 'वेदाँत' हे 'वेदांत' कडे वळवले असेल, तर आता तेथून वाचक 'वेदांत' वर येऊन थांबेल, कारण मीडियाविकी पुनर्निर्देशनाची एकच पायरी चालते. अशा प्रत्येक पानावरील दुवा हाताने 'वेदान्त' असा बदलावा लागतो.